एका फेजवर थ्री फेज पंप: व्हीएफडी घेण्याआधी मोटरचा डबा उघडा

व्हीएफडी, म्हणजे आपल्याकडे ज्याला नुसतं 'ड्राइव्ह' म्हणतात, तो घरच्या २३० व्होल्टच्या एका फेजवरून तीन फेज तयार करून देतो, हे आता बहुतेकांना माहीत आहे. तो देतो ते तीन फेज किती व्होल्टचे असतात, हे मात्र फार थोडे जण विचारतात. विट्याकडे, आटपाडीकडे किंवा खटाव-माणच्या बाजूला वस्तीवर एखादी जुनी थ्री फेज मोटर पडून असते, घराला सिंगल फेज मीटर असतो, दुकानदार ड्राइव्ह हातात देतो आणि सांगतो, 'जोडा, चालतंय.' मोटर फिरते, पण पाणी टाकीपर्यंत चढत नाही. मग ड्राइव्हला नावं ठेवली जातात. दोष बहुतेक वेळा मोटरच्या डब्यातल्या तीन पितळी पट्ट्यांचा असतो.

ड्राइव्हच्या आत आधी एसीचं डीसी होतं. २३० व्होल्ट एसीचं शिखर सुमारे ३२५ व्होल्टचं असतं आणि आतले मोठे कपॅसिटर तेवढ्या डीसीवर भरतात. त्या डीसीचे भराभर तुकडे पाडून ड्राइव्ह तीन फेज घडवतो. ३२५ डीसीतून २३० व्होल्टपेक्षा जास्त थ्री फेज निघत नाही, उलट चार-पाच व्होल्ट कमीच. काही ड्राइव्ह आत व्होल्टेज वाढवून ३८०-४०० देतात, पण ते वेगळे असतात आणि खोक्यावर तसं छापलेलं असतं. साधा सिंगल फेज ड्राइव्ह घेतला तर मोटरला २३० व्होल्टचे तीन फेज मिळणार, हे धरूनच पुढचं सगळं ठरवायचं.

आणि आपली पंपाची मोटर ४१५ व्होल्टची.

मोटर स्टारची आहे का, हे आधी पाहा

४१५ व्होल्टची मोटर स्टारमध्ये जोडलेली असेल तर तिच्या प्रत्येक गुंडाळीवर ४१५ भागिले १.७३२, म्हणजे सुमारे २४० व्होल्टच पडतात. गुंडाळी मुळातच २४०ची आहे. तीच मोटर डेल्टामध्ये जोडली की २३०-२४० व्होल्टच्या तीन फेजवर ती पूर्ण ताकदीने चालते. आत एक तारही बदलावी लागत नाही, फक्त जोडणी बदलायची. आपल्याकडच्या ३ एचपीपर्यंतच्या मोटरी बहुतेक स्टारमध्ये असतात, म्हणून या आकारात हे काम चांगलं जमतं.

५ एचपी आणि त्यापुढच्या मोटरी बहुधा ४१५लाच डेल्टात असतात. त्यांची गुंडाळीच ४१५ची. तिला २३० दिले तर व्होल्टेज ५५ टक्के होतं, आणि मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे उतरत असल्याने तो ३० टक्क्यांच्या आसपास येतो. अशा मोटरला साधा सिंगल फेज ड्राइव्ह लावण्यात अर्थ नाही. तिच्याबद्दल शेवटी थोडं लिहिलं आहे.

नेमप्लेटवर 'स्टार' किंवा इंग्रजी वाय आकाराची खूण असते. प्लेट गंजून गेली असेल तर डबा उघडा. आत सहा टर्मिनल असतील आणि एका ओळीतली तीन टर्मिनलं आडव्या पट्टीने एकत्र जोडलेली असतील, तर ती स्टार. तीन उभ्या पट्ट्या असतील तर ती आधीच डेल्टा आहे, आणि ती डेल्टा ४१५साठी आहे की २३०साठी, हे प्लेट वाचल्याशिवाय किंवा वायंडरला दाखवल्याशिवाय ठरवू नका.

तिसरी शक्यता अशी की डब्यातून तीनच वायरी बाहेर येतात. म्हणजे स्टारचा जोड आत, गुंडाळीच्या डोक्यावर बांधलेला आहे. मोनोब्लॉक असेल तर चांगला वायंडर मोटर खोलून तो जोड सोडवतो आणि सहा टोकं बाहेर काढून देतो. हे काम रिवाइंडिंगपेक्षा पुष्कळ कमी आहे. मात्र जुनी, वार्निश कडक झालेली गुंडाळी सोडवताना तार तुटू शकते, तेवढी जोखीम धरायची. सबमर्सिबलला हाच उद्योग करायचा म्हणजे पाण्यात बुडणारा जोड पुन्हा पक्का करणं आलं. ३ एचपीच्या आतली बोअरची मोटर तीन वायरींची असेल तर माझं मत स्पष्ट आहे: ती विका आणि सिंगल फेजची घ्या.

एक उदाहरण धरून चालू

विट्याजवळच्या एका वस्तीवरचं काम घेतो. विहिरीच्या कठड्याखाली ओट्यावर बसवलेला २ एचपीचा मोनोब्लॉक, घराच्या आणि गोठ्याच्या टाकीला पाणी चढवणारा. मोटर १.५ किलोवॅट, ४१५ व्होल्ट, स्टार, ३.४ अँपिअर, २८८० फेरे. विहिरीतल्या पाण्यापासून टाकीच्या तोंडापर्यंत उभी उंची २० मीटर. मीटरपासून पंपापर्यंत केबल ६० मीटर. संध्याकाळी व्होल्टेज १८५पर्यंत उतरतं. त्या भागात हे नेहमीचंच आहे.

जोडणी बदलण्याआधी सगळ्या पट्ट्या काढून सहा टर्मिनल मोकळी करा. मल्टिमीटरने तीन जोड्या सापडल्या पाहिजेत: यू-१ आणि यू-२, व्ही-१ आणि व्ही-२, डब्ल्यू-१ आणि डब्ल्यू-२. जुन्या मोटरींवर ए, बी, सी अशी अक्षरं असतात. तिन्ही जोड्यांचा रेझिस्टन्स सारखा हवा. या आकाराच्या मोटरला तो काही ओहम येतो. दोन सारख्या आणि एक वेगळी आली तर गुंडाळी आधीच शॉर्ट झालेली आहे, तिथेच थांबा. मग ५०० व्होल्टच्या मेगरने गुंडाळी ते बॉडी तपासा. पावसाळाभर ओट्यावर भिजलेली मोटर एक मेगओहमच्या खाली दाखवत असेल तर आधी ती वाळवा. मेगर करताना ड्राइव्ह जोडलेला नसावा, नाहीतर मेगरच ड्राइव्ह मारतो.

डेल्टासाठी एका गुंडाळीचं टोक दुसरीच्या सुरुवातीला जोडायचं: यू-१ला डब्ल्यू-२, व्ही-१ला यू-२, डब्ल्यू-१ला व्ही-२. टर्मिनल बोर्डावर खालची ओळ मुद्दाम डब्ल्यू-२, यू-२, व्ही-२ अशा क्रमाने मांडलेली असते, त्यामुळे त्याच तीन पट्ट्या उभ्या बसवल्या की काम होतं. ड्राइव्हच्या तीन वायरी यू-१, व्ही-१, डब्ल्यू-१ला. वायंडरने बाहेर काढलेल्या टोकांवर खुणा नसतील तर अंदाजाने जोडू नका. एक गुंडाळी उलटी लागली की मोटर घुमते, थरथरते, तिन्ही फेजचा करंट वेगवेगळा येतो आणि ड्राइव्ह ट्रिप होतो.

डेल्टात मोटरचा करंट १.७३२ पट होतो. ३.४चे ५.९ अँपिअर. हा आकडा डब्याच्या झाकणाच्या आत मार्करने लिहून ठेवा, कारण प्लेटवर ३.४च राहणार आहे आणि उद्या दुसरा वायरमन तेच वाचेल. 'डेल्टा, २३०, ४१५ला जोडू नये' हेही लिहा. ही मोटर कोणी चुकून पुन्हा थेट थ्री फेजला लावली तर काही मिनिटांत जळेल.

ड्राइव्ह किती मोठा

ड्राइव्ह एचपीवर नाही, आउटपुट अँपिअरवर निवडायचा. १.५ किलोवॅटचा सिंगल फेज ड्राइव्ह साधारण ७ अँपिअर देतो, २.२ किलोवॅटचा १० अँपिअरच्या आसपास. कागदावर ५.९ला ७ पुरतात. पण हे ड्राइव्ह सहसा ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी मोजलेले असतात, आणि एप्रिल-मे महिन्यांत उन्हातल्या पत्र्याच्या पेटीत ४० ही सुरुवात असते. त्यात व्होल्टेज पडलं की करंट वाढतो. म्हणून इथे एक पायरी वरचा, २.२ किलोवॅटचा घेतला. घेताना 'इनपुट सिंगल फेज २२०-२४०' असं स्पष्ट लिहिलेलं बघा. थ्री फेज इनपुटचा ड्राइव्ह एका फेजवर चालवायचा तर त्याची ताकद निम्मी धरावी लागते, कारण आतले डायोड आणि कपॅसिटर एका फेजचा धक्का सोसण्याच्या मापाचे नसतात.

इनपुटचा हिशोब लोकांना चक्रावतो. मोटर १.५ किलोवॅट काम करते, मोटरचे आणि ड्राइव्हचे लॉस धरून आत सुमारे २ किलोवॅट जातात. २३० व्होल्टला ते ८.७ अँपिअर व्हायला हवेत. क्लॅम्प मीटर मात्र १३च्या आसपास दाखवतो. ड्राइव्हचे कपॅसिटर व्होल्टेजच्या शिखरापाशीच, थोड्या वेळात घसघशीत करंट ओढून घेतात, म्हणून अँपिअर वाढलेले दिसतात. त्या वस्तीवरचे आबा मीटरकडे बघून म्हणाले होते, "मोटर पाच खाती आन् घरातनं तेरा जात्यात, मग आठ कुठं गेलं?" कुठंच गेले नाहीत. आउटपुटचे पाच तीन फेजवर आहेत, इनपुटचे तेरा एका फेजवर, आणि घरगुती मीटर युनिट मोजतो ते खऱ्या किलोवॅटवर. तासाला दोन युनिटांच्या आसपास.

केबल आणि एमसीबी मात्र त्या १३ अँपिअरसाठीच हवेत. ६० मीटर अंतराला तांब्याची २.५ चौरस मिलिमीटर केबल टाकली तर जाऊन-येऊन रेझिस्टन्स एक ओहमच्या जवळ जातो आणि १२-१३ व्होल्ट वाटेतच पडतात. ४ चौरस मिलिमीटरला ते साडेसात-आठवर येतं. आधीच व्होल्टेज कमी असलेल्या ठिकाणी ४च घ्यावी. एमसीबी २५ अँपिअर, सी कर्व्ह. इनपुटला एसी चोक लावला तर करंटची टोकं बोथट होतात, १३चे दहा-अकरा होतात आणि ड्राइव्हचे कपॅसिटर जास्त टिकतात. चोक वगळून पैसे वाचवणारे पुष्कळ आहेत. माझ्या मते केबलनंतर पैसे घालायची पहिली जागा तीच.

जोडण्याआधी बिलावरचा मंजूर भार बघा. दोन किलोवॅटची भर त्यात बसत नसेल तर वाढवून घ्या. घरगुती मीटरवरून शेत भिजवणं हा २००३च्या वीज कायद्यातल्या कलम १२६खाली अनधिकृत वापर ठरू शकतो, म्हणून हे उदाहरण घर-गोठ्याच्या पाण्याचंच ठेवलं आहे. शेतीच्या लाइनला थ्री फेज नसताना जी सिंगल फेज सोडली जाते, ती घरातल्या दिव्यांसाठी असते. तिच्यावर दहा-वीस ड्राइव्ह बसले तर डीपी तितकाच भरडतो, जितका कंडेन्सर लावून मोटरी चालवल्यावर भरडतो.

वायरिंग

एमसीबी, मग चोक, मग ड्राइव्हचं इनपुट. सिंगल फेज ड्राइव्हला इनपुटची टर्मिनलं कुठे आर आणि टी, कुठे आर आणि एस, कुठे एल आणि एन असतात. पुस्तिका बघूनच लावा. आउटपुट यू, व्ही, डब्ल्यू. मेन सप्लाय यू-व्ही-डब्ल्यूवर लागला तर ड्राइव्ह संपला, त्याची वॉरंटी कोणी देत नाही.

ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये काहीही नको. जुना स्टार्टर, त्याचा ओव्हरलोड रिले, सिंगल फेज प्रिव्हेंटर, सगळं काढा. विशेषतः मोटरला लावलेला कंडेन्सर शोधून काढा. तो कधीकधी स्टार्टरमध्ये नसतो, मोटरच्या डब्याला चिकटून किंवा केबलच्या मध्येच जोडलेला असतो. ड्राइव्हच्या आउटपुटवर कंडेन्सर राहिला तर पहिल्याच चालूला ओव्हरकरंट दाखवेल, नाहीतर आतले ट्रान्झिस्टर उडतील.

वस्त्यांवर आणखी एक वाईट सवय आहे: न्यूट्रल लांब पडतो म्हणून फेज घ्यायची आणि परतीची वाट अर्थिंगमधून द्यायची. बल्ब पेटतो, म्हणून लोकांना चालतं असं वाटतं. १३ अँपिअर जमिनीतून गेले तर अर्थिंगच्या पाइपाभोवतीची ओली जमीन जिवंत होते, आणि गोठ्यातलं जनावर त्यावर उभं असतं. न्यूट्रलची वायर मीटरपासून ओढा. अर्थिंग वेगळं ठेवा: मोटरची बॉडी, ड्राइव्ह आणि पेटी तिन्ही त्याला जोडा. आरसीसीबी लावताना साधा एसी टाइप न घेता ए टाइप किंवा पुस्तिकेत सांगितलेला घ्या. ड्राइव्हच्या फिल्टरमुळे थोडी गळती असतेच. तो सारखा पडतो म्हणून बायपास करण्याऐवजी पंपासाठी वेगळा लावा.

टाकीचा फ्लोट स्विच मेन सप्लायमध्ये घालू नका. तो ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलवर, सुरू-बंदच्या इनपुटला जोडायचा, तिथे कमी व्होल्टेज असतं. मेन सप्लाय दिवसातून वीस वेळा तोडला-जोडला तर दर वेळी कपॅसिटर रिकामे-भरते होतात आणि आतला चार्जिंग रेझिस्टर जळतो. आणि सप्लाय बंद केल्यावर झाकण उघडण्याआधी दहा मिनिटं थांबा. पडदा विझला तरी आत डीसी शिल्लक असतो.

पेटी सावलीत, ड्राइव्हच्या वर-खाली किमान १० सेंटिमीटर मोकळं, हवेच्या भोकांना बारीक जाळी. जाळी उंदरांपेक्षा पालींसाठी जास्त लागते. उबेला आलेली पाल टर्मिनलवर चढली की दोघांचाही शेवट होतो.

सेटिंग

कोड कंपनीगणिक बदलतात, पण भरायच्या गोष्टी त्याच असतात. आधी मोटरची माहिती: व्होल्टेज २३०, फ्रिक्वेन्सी ५०, करंट ५.९, फेरे २८८०. करंटच्या जागी प्लेटवरचे ३.४ भरले तर मोटर नीट असूनही ओव्हरलोड दाखवेल. उलट, पट्ट्या स्टारमध्येच राहिल्या आणि इथे ५.९ भरले तर जास्त धोका आहे: मोटर जोर लावत ४-४.५ अँपिअर ओढते, तिची मर्यादा ३.४ असते, आणि ड्राइव्हला सगळं ठीक वाटतं. मोटर घुमते, फेरे उतरतात, पाणी बारीक पडतं आणि अर्ध्या तासात बॉडीला हात लावता येत नाही. असं दिसलं तर सेटिंग चाळत बसू नका, डबा उघडा.

कंट्रोल साधा व्होल्ट-फ्रिक्वेन्सी ठेवा. चालू व्हायला ५ ते ८ सेकंद, थांबायला १० सेकंद. हळू थांबल्याने फूट व्हॉल्व्हवर आणि पाइपावर पाण्याचा दणका बसत नाही. कॅरिअर फ्रिक्वेन्सी ४ किलोहर्ट्झच्या आसपास. वाढवली की मोटरची शीळ कमी होते पण ड्राइव्ह तापतो, आणि विहिरीवर शीळ ऐकायला कोणी नसतं.

सगळ्यात विचार करून भरायची गोष्ट म्हणजे कमीत कमी फ्रिक्वेन्सी. पंपाचा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. या पंपाचा डिलिव्हरी बंद ठेवून ५० हर्ट्झला येणारा दाब ३२ मीटरचा होता, आणि उभी उंची २०. २० भागिले ३२, त्याचं वर्गमूळ ०.७९, गुणिले ५०, म्हणजे साडेएकोणचाळीस हर्ट्झ. त्याच्या खाली मोटर फिरेल, पंप फिरेल, पण टाकीत थेंबही पडणार नाही आणि तेच पाणी पंपात घुसळून तापेल. म्हणून किमान मर्यादा ४२ ठेवली. 'वीज वाचते म्हणून ३० हर्ट्झवर चालवा' हा सल्ला सपाट जमिनीवरच्या ड्रिपला कदाचित चालेल, वीस मीटर चढवणाऱ्या पंपाला नाही.

संध्याकाळचं व्होल्टेज

संध्याकाळी १८५ व्होल्ट. केबलमध्ये सात-आठ गेले, ड्राइव्हला १७८ पोचले, म्हणून मोटरलाही जास्तीत जास्त १७८. ५० हर्ट्झवर ठेवलं तर मोटरला फ्लक्स कमी पडतो, तोच भार ओढायला ती जास्त करंट घेते आणि ५.४वर चालणारी मोटर ७च्या पुढे जाते. थोड्या वेळाने `OL` ट्रिप. त्याच वेळी फ्रिक्वेन्सी ४४वर आणली तर दोन गोष्टी होतात. व्होल्ट आणि हर्ट्झ यांचं प्रमाण सुधारतं, आणि पंपाला लागणारी ताकद वेगाच्या घनाप्रमाणे उतरून ६८ टक्क्यांवर येते. करंट साडेपाचच्या आत राहतो. पाणी मात्र साधारण साठ टक्क्यांवर येतं, कारण २० मीटरची उंची काही कमी होत नाही. टाकी भरायला उशीर लागतो, पण मोटर वाचते.

म्हणून आम्ही दोन वेग ठेवले: दिवसा ५०, आणि पेटीवरचा एक स्विच दाबला की ४४. जवळजवळ प्रत्येक ड्राइव्हमध्ये असे ठराविक वेग इनपुटवर लावता येतात. व्होल्टेज १७०च्याही खाली जात असेल तर हा उपाय संपतो. मग ड्राइव्हचं `LU` किंवा `UV` ट्रिप सारखं येत राहील. ते बंद करण्याचं सेटिंग शोधू नका, त्या वेळी पंप लावू नका.

पहिल्यांदा चालू करताना

पंपात पाणी भरून प्राइम करा. ड्राइव्ह १० हर्ट्झवर क्षणभर चालवून फिरण्याची दिशा बॉडीवरच्या बाणाशी जुळवा. उलटी असेल तर सप्लाय बंद करून, दहा मिनिटं थांबून, आउटपुटच्या कोणत्याही दोन वायरी बदला. सेंट्रिफ्युगल पंप उलटा फिरला तरी थोडं पाणी देतो, त्यामुळे पाणी आलं म्हणजे दिशा बरोबर, असं धरू नका.

मग ५० हर्ट्झला न्या आणि ड्राइव्हच्या पडद्यावरचा आउटपुट करंट वाचा. या पंपाला ५.४ आला. क्लॅम्प मीटरने तिन्ही वायरी तपासल्या तर त्या एकमेकींच्या जवळ हव्यात. साध्या मल्टिमीटरने आउटपुटचं व्होल्टेज मोजू नका. तुकड्या-तुकड्यांचं व्होल्टेज त्याला कळत नाही, तो काहीही दाखवतो आणि मग उगाच घबराट होते. व्होल्टेजही पडद्यावरच वाचा.

ड्राय रनचं सेटिंग याच वेळी करून घ्या. डिलिव्हरी व्हॉल्व्ह अर्ध्या मिनिटापुरता पूर्ण बंद करून करंट लिहून घ्या आणि त्याच्याखाली थोडी जागा सोडून अंडरलोडची मर्यादा लावा, २० सेकंदांच्या उशिराने. मोटर रिकामी फिरतानाही निम्म्याच्या आसपास करंट घेते, त्यामुळे अंदाजाने ३० टक्के लावलेली मर्यादा कधीच काम करणार नाही. ड्राइव्ह आउटपुट किलोवॅट दाखवत असेल तर मर्यादा त्याच्यावर लावा, फरक जास्त ठळक दिसतो. मर्यादा ४४ हर्ट्झलाही तपासा, नाहीतर संध्याकाळी पंप विनाकारण बंद पडेल.

वीज जाऊन आल्यावर आपोआप सुरू होण्याचं सेटिंग असतं. विहिरीत उतरून काम करणारी माणसं असलेल्या ठिकाणी ते बंद ठेवावं. चालूच ठेवायचं असेल तर दोन-तीन मिनिटांचा उशीर द्या आणि पेटीवर तसं लिहा.

मोटर यात बसत नसेल तर

५ एचपीची ४१५ डेल्टा मोटरच चालवायची असेल तर २३०चे ४१५ करणारा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर आणि त्यापुढे ४१५चा थ्री फेज ड्राइव्ह, तोही एका फेजवर चालणार म्हणून दुप्पट ताकदीचा, ७.५ किलोवॅटचा, लागतो. त्याचं इनपुट फेज गेल्याचं ट्रिप बंद करावं लागतं. हिशोब केला तर घरच्या बाजूला ३० अँपिअरच्या आसपास करंट येतो. एवढं ओढणारी सिंगल फेज जोडणी, तेवढी जाड केबल आणि ट्रान्सफॉर्मर यांची बेरीज केल्यावर बहुतेकांना लहान पंप किंवा थ्री फेज जोडणी परवडते.

बोअरची सहा वायरींची, स्टारमध्ये चालणारी मोटर असेल तर वरचीच पद्धत चालते, पण दोन गोष्टी बदलतात. सबमर्सिबलचं थ्रस्ट बेअरिंग पाण्याच्या पातळ थरावर तरंगतं आणि तो थर कमी वेगात बनत नाही, म्हणून ३० हर्ट्झपर्यंत एक-दोन सेकंदांत पोचलं पाहिजे आणि त्याखाली कधी चालवू नये. दुसरी गोष्ट लांब केबलची. ड्राइव्हचे तुकडे लांब केबलच्या टोकाला उसळून डीसीच्या दुपटीपर्यंत जातात. ४१५च्या ड्राइव्हवर हे हजार-अकराशे व्होल्टच्या पुढे जाऊन जुन्या गुंडाळीला मारतं. २३०च्या ड्राइव्हवर ते ६५०च्या आसपासच थांबतं, आणि ४१५साठी गुंडाळलेल्या मोटरचं इन्सुलेशन तेवढं सोसतं. तरी केबल ५० मीटरच्या पुढे असेल तर आउटपुट चोक लावा आणि कॅरिअर २ किलोहर्ट्झवर आणा.